अर्धा म्हणजे दुपारचे बारा: एक्सेलमधली वेळ आणि रात्रपाळीचा पगार

रबाळ्याच्या एमआयडीसीत आमच्या कारखान्याच्या गेटवर रात्रपाळीला एक काका असतात. रात्री नऊ पंचावन्नला येतात, सकाळी सहा दहाला निघतात. तासाला ९० रुपये. गेल्या पावसाळ्यात ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलीने जुन्या शीटमध्ये त्यांच्या एका रात्रीचा पगार काढला, तर उत्तर आलं ३० रुपये ९४ पैसे.

"ताई, तास 8:15 दिसतायत, गुणिले 90 केलंय. मग चुकलं कुठे?" तिने विचारलं. तिचा प्रश्न अगदी रास्त होता. आठ तास पंधरा मिनिटं म्हणजे सव्वाआठ तास, सव्वाआठ गुणिले ९० म्हणजे ७४२ रुपये ५० पैसे. कोणीही तोंडी सांगेल. पण सेलमध्ये 8:15 दिसत असलं तरी आत सव्वाआठ नव्हतेच. आत होतं ०.३४३७५. एका पूर्ण दिवसाचा तेवढा तुकडा. एक्सेलने त्या तुकड्याला ९० ने गुणलं आणि ३०.९४ दाखवले.

ज्यांना हजेरीचे तास, ओव्हरटाइम, गाड्यांच्या वेळा असं काही एक्सेलमध्ये धरायचं आहे, त्यांनी हा तुकडा आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघावा. म्हणून सुरुवात तिथूनच.

आधी आतला आकडा बघा

रिकाम्या सेलमध्ये `12:00` टाइप करून एंटर दाबा. मग तोच सेल निवडा, `Ctrl+1` दाबा, `Number` टॅबमध्ये `General` निवडा आणि `OK` करा. बारा वाजल्याचं चिन्हही उरणार नाही. सेलमध्ये 0.5 दिसेल.

आता खालच्या सेलमध्ये `6:00` आणि त्याखाली `18:00` टाकून तसंच करा. 0.25 आणि 0.75 मिळतील. इथे आपल्या मराठीचा फार उपयोग होतो, कारण आपल्याकडे या आकड्यांना नावं आहेत: पाव, अर्धा, पाऊण. मध्यरात्री दिवस सुरू झाला तेव्हा शून्य. पाव दिवस सरला की सकाळचे सहा. अर्धा सरला की दुपारचे बारा. पाऊण सरला की संध्याकाळचे सहा. एक्सेल घड्याळात किती वाजले ते लिहून ठेवत नाही, मध्यरात्रीपासून दिवसाचा किती भाग सरला ते लिहून ठेवतं.

दिवसाचे चोवीस भाग केले की एक तास, म्हणजे साधारण ०.०४१६६७. दिवसाची मिनिटं १,४४०, म्हणून एक मिनिट म्हणजे एक भागिले १,४४०. साडेनऊ टाकलेत तर आत ९.५ भागिले २४, म्हणजे ०.३९५८३३ जातं. हे पाठ करायची गरज नाही. चोवीसने भागलं की दिवस होतो आणि चोवीसने गुणलं की तास होतात, एवढं ध्यानात राहिलं तरी पुढचं सगळं जमतं.

पण असं का?

कारण एक्सेलमध्ये वेळ एकटी राहत नाही, ती तारखेला जोडलेली असते. तारीखही आतून एक आकडाच आहे: १ जानेवारी १९०० ला १ धरून पुढे रोज एक वाढवत नेलेली मोजणी. १ मे १९६०, महाराष्ट्र राज्य झालं तो दिवस, एक्सेलच्या मोजणीत २२०३७ वा येतो. सेलमध्ये `01-05-1960` टाकून `General` केलंत तर तोच आकडा दिसेल. मग त्या दिवशीची दुपार कुठे ठेवायची? २२०३७ उजाडला आहे आणि २२०३८ अजून यायचा आहे. दोन्हींच्या बरोबर मध्ये, २२०३७.५ वर. पूर्णांक म्हणजे तारीख, दशांशचिन्हापुढचं ते घड्याळ.

(या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच नसलेला दिवसही धरलेला आहे. एक्सेल आलं त्या वेळी चालणाऱ्या लोटस १-२-३ या प्रोग्रामच्या फायलींशी तारखा जुळाव्यात म्हणून ती चूक तशीच ठेवली गेली. १ मार्च १९०० नंतरच्या दोन तारखांमधलं अंतर काढताना तिचा काही त्रास होत नाही.)

दिवस हेच माप धरल्यामुळे हिशेबाची बरीच कामं सोपी होतात. बिलाच्या तारखेपासून ४५ दिवसांनी पैसे यायचे असतील तर तारखेत नुसते ४५ मिळवायचे. महिना तीसचा की एकतीसचा, हे बघत बसावं लागत नाही. पण एक दिवस म्हणजे १ असं एकदा ठरलं की तास त्याहून लहान असल्यामुळे अपूर्णांकच होणार. दुसरं मापही धरता आलं असतं. कितीतरी संगणक प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात, तिथे मध्यरात्रीपासून दुपारपर्यंत ४३,२०० सेकंद होतात. आपल्या पंचांगात दिवसाच्या साठ घटिका असतात, चोवीस मिनिटांची एक. दिवस चोवीस ठिकाणी कापा की साठ ठिकाणी, अर्धा तो अर्धाच. म्हणून मला हे दिवसाचं माप मनापासून पटतं.

आणि घड्याळातले आकडे जसेच्या तसे ठेवले तर काय होतं, तेही पुढच्याच पायरीत दिसेल.

वेळ टाकताना: टिंब नको, कोलन हवा

आपण मराठीत लिहिताना सर्रास ९.४५ लिहितो. गेटवरच्या रजिस्टरमध्ये सगळीकडे टिंबच असतं. नवीन माणूस ते पाहून एक्सेलमध्येही `9.45` टाकतो. एक्सेलला ते पावणेदहा वाटत नाही. त्याच्या लेखी ते नऊ पूर्णांक पंचेचाळीस शतांश आहे. एखाद्याने सव्वासहापर्यंत काम केलं आणि तुम्ही 18.15 मधून 9.45 वजा केलेत तर येतं 8.70. खरे तास साडेआठ. साठ मिनिटांचा तास आणि शंभराची वजाबाकी यांचं जमत नाही.

याहून मोठा धोका असा की ही चूक रोज दिसत नाही. 9.10 ला आला आणि 18.40 ला गेला तर 18.40 वजा 9.10 बरोबर 9.30 येतात, आणि साडेनऊ तास हे उत्तरही खरंच असतं. मिनिटांत हातचा घ्यावा लागला की मगच गणित बिघडतं. चार ओळी तपासून बरोबर आल्या म्हणून शीट बरोबर आहे असं धरू नका.

टिंबाने भरलेली शीट हातात आली तर अनेकजण `Find and Replace` ने टिंबाच्या जागी कोलन घालतात. ते करू नका. `9.30` टाकलं की एक्सेल शेवटचं शून्य टाकून देतं आणि आत 9.3 ठेवतं. टिंब बदलल्यावर त्याचं `9:3` होतं, म्हणजे नऊ वाजून तीन मिनिटं. साडेनऊला आलेला माणूस सत्तावीस मिनिटं लवकर आलेला दिसू लागतो. रात्री दहाचं 22.00 तर आत नुसतं 22 असतं, त्यात बदलायला टिंबच नाही. त्याऐवजी शेजारच्या कॉलममध्ये हा फॉर्म्युला द्या:

```
=TIME(INT(B2),ROUND(MOD(B2,1)*100,0),0)
```

टिंबाआधीचा भाग तास आणि टिंबानंतरचे दोन अंक मिनिटं, असं धरून तो खरी वेळ बनवतो.

कोलनने टाकतानाही दोन गोष्टी बघा. चोवीस तासांचं घड्याळ वापरणं सर्वांत सुरक्षित: `21:55`. पीएम लावायचंच असेल तर आधी एक जागा सोडा, `9:55 PM`. जागा न सोडता `9:55PM` टाकलंत तर एक्सेल त्याला वेळ न मानता नुसता मजकूर मानतं. ओळखायची खूण सोपी आहे. तुम्ही अलाइनमेंट बदललेली नसेल तर खरी वेळ सेलच्या उजव्या कडेला चिकटते आणि मजकूर डाव्या. दुसरी गोष्ट रात्री साडेबाराची. ते `12:30` टाकलं तर दुपार होते, कारण बारा म्हणजे अर्धा दिवस. मध्यरात्रीनंतरचा अर्धा तास `0:30` असाच टाकायचा.

रात्र ओलांडणारी वजाबाकी

आता काकांची शीट. A कॉलममध्ये तारीख, B मध्ये आल्याची वेळ, C मध्ये गेल्याची, D मध्ये तास. B2 मध्ये `21:55`, C2 मध्ये `6:10`. आम्ही शीट नव्याने मांडली तेव्हा त्या मुलीने D2 मध्ये `=C2-B2` दिलं आणि सेल `#####` ने भरून गेला.

कॉलम अरुंद असला तरीही अशीच चिन्हं दिसतात, म्हणून आधी कॉलम रुंद करून बघा. रुंद केल्यावरही ती गेली नाहीत तर उत्तर उणे आहे. नेहमीच्या १९०० च्या मोजणीत एक्सेल उणे वेळ दाखवू शकत नाही. सेल `General` केला की खरा आकडा दिसतो: -0.65625. सहा दहा म्हणजे दिवसाचे ०.२५६९४४, नऊ पंचावन्न म्हणजे ०.९१३१९४. लहानातून मोठं वजा केलं, उणेच येणार. आपल्याला ठाऊक आहे की सहा दहा हे दुसऱ्या दिवशीचे आहेत. एक्सेलला ते कोणी सांगितलेलं नाही.

एक दिवस म्हणजे १ असल्यामुळे दुरुस्ती फार छोटी आहे. एक मिळवायचा. उणे ०.६५६२५ अधिक १ म्हणजे ०.३४३७५, म्हणजेच आठ तास पंधरा मिनिटं. `MOD` हे काम गरज असेल तेव्हाच करतो, त्यामुळे दिवसपाळीलाही तोच फॉर्म्युला चालतो:

```
=MOD(C2-B2,1)
```

त्याच आठवड्यात याची एक उणीव हाती लागली. एका सकाळी काका सही करायचे राहिले, C रिकामा राहिला, आणि तरी D मध्ये 2:05 आले. रिकामा सेल वजाबाकीत शून्य धरला जातो, शून्य म्हणजे मध्यरात्र, आणि नऊ पंचावन्नपासून मध्यरात्रीपर्यंत दोन तास पाच मिनिटं होतात. आकडा इतका खरा वाटतो की कोणाच्या नजरेत भरत नाही आणि माणसाचे सहा तास बुडतात. म्हणून दोन्ही वेळा भरलेल्या असतील तरच हिशेब करायला सांगा:

```
=IF(COUNT(B2:C2)<2,"",MOD(C2-B2,1))
```

`COUNT` फक्त आकडे मोजतं. त्यामुळे एखादी वेळ मजकूर म्हणून बसली असेल तरी D रिकामा राहतो आणि ती ओळ लगेच दिसते.

दुसरी मर्यादा डबल ड्युटीची. बदली माणूस आला नाही आणि काका एका रात्री नऊ पंचावन्नपासून दुसऱ्या रात्री दहा दहापर्यंत थांबले, तर खरे तास २४:१५. `MOD` पूर्ण दिवस टाकून देतो आणि 0:15 दाखवतो. अशा ठिकाणी B आणि C मध्ये तारीख आणि वेळ एकत्रच लिहावी, `18-07-2025 21:55` अशी. दोन्हींच्या मध्ये एक जागा. आत्ताची तारीख आणि वेळ हवी असेल तर `Ctrl+;`, मग स्पेस, मग `Ctrl+Shift+;`. आता आतला आकडा ४५८५६.९१३१९४ असा होतो आणि दुसऱ्या दिवशीचा सकाळचा ४५८५७.२५६९४४. सरळ वजाबाकी करा, उणे येत नाही आणि `MOD` लागत नाही. टाइप करायला वेळ थोडा जास्त लागतो, पण जिथे पाळी चोवीस तासांपलीकडे जाऊ शकते तिथे मी हाच मार्ग धरते.

कधी एखाद्या सेलमध्ये 00-01-1900 अशी विचित्र तारीख दिसली तर घाबरू नका. नुसती वेळ असलेल्या सेलला कोणीतरी तारखेचा फॉरमॅट दिला आहे. पूर्णांक शून्य असल्यामुळे मोजणी सुरू होण्याच्या आदला दिवस दिसतो, आणि वेळ मात्र शाबूत असते.

आठवड्याची बेरीज

त्या आठवड्यात काकांच्या सहा रात्री झाल्या: ८:१५, ८:००, ८:३०, ८:१५, ७:४५ आणि ८:२०. D8 मध्ये `=SUM(D2:D7)` दिलं आणि 1:05 आलं. सहा रात्री जागून एक तास पाच मिनिटं.

इथे बेरीज चुकलेली नाही, दाखवणं चुकलं आहे. आत २.०४५१३९ आहे, म्हणजे दोन पूर्ण दिवस आणि थोडं वर. `h:mm` हा घड्याळाचा फॉरमॅट आहे. तो दोन दिवस सोडून देतो आणि उरलेलं किती वाजले तेवढं दाखवतो. आपल्याला हवं आहे किती तास झाले ते. सेल निवडा, `Ctrl+1`, `Number` टॅबमध्ये `Custom`, आणि `Type` च्या चौकटीत हे लिहा:

```
[h]:mm
```

चौकोनी कंस सांगतो की चोवीस झाले की पुन्हा शून्यापासून सुरू करू नको. आता 49:05 दिसतील. एकोणपन्नास तास पाच मिनिटं, बोटांवर मोजूनही तेवढेच. D कॉलमला सुरुवातीलाच हा फॉरमॅट देऊन ठेवा.

काठावरची मिनिटं

आमच्याकडे रात्री सव्वाआठ तास भरले की चहापाण्याचे पैसे मिळतात. त्या मुलीने `=D2>=TIME(8,15,0)` अशी तुलना लावली होती. दिसायला अचूक, पण अशी तुलना काठावर दगा देऊ शकते. संगणक आकडे अर्ध्याचं अर्धं करत गेलेल्या तुकड्यांत ठेवतो: अर्धा, पाव, आठवा, सोळावा. दुपारचे बारा त्यात तंतोतंत बसतात, सकाळचे सहा बसतात, पहाटेचे तीनही बसतात. पण नऊ पंचावन्न किंवा सहा दहा बसत नाहीत. एक तृतीयांश दशांशात लिहिताना ०.३३३३ कुठेतरी तोडावं लागतं, तसंच इथे होतं. दोन तोडलेल्या आकड्यांची वजाबाकी केली की उत्तर सव्वाआठपेक्षा केसभर कमी येऊ शकतं. सेलमध्ये 8:15 दिसतं आणि तुलना मात्र नाही म्हणते.

उपाय असा की आधी पूर्ण मिनिटं करून घ्यायची आणि मग तुलना करायची. आठ तास पंधरा मिनिटं म्हणजे ४९५ मिनिटं:

```
=ROUND(D2*1440,0)>=495
```

शेवटी पैसे

ज्या गुणाकारापासून सुरुवात झाली तो आता सरळ आहे. आत दिवस आहेत, दर तासाचा आहे. म्हणून आधी चोवीसने गुणून तास करायचे, मग दराने गुणायचं:

```
=D8*24*90
```

सहा रात्रींचे ४,४१७ रुपये ५० पैसे.

हा फॉर्म्युला दिल्यावर सेलमध्ये रुपयांऐवजी चक्क 12:00 दिसलं. त्या सेलला आधीपासूनच `h:mm` हा घड्याळाचा फॉरमॅट होता. तिने फॉर्म्युला पुन्हा पुसायला घेतला होता, मी थांबवलं आणि फक्त विचारलं की बाराच का दिसतात. तिने क्षणभर स्क्रीनकडे पाहिलं. "पन्नास पैसे," ती म्हणाली. "चार हजार चारशे सतरा दिवस आणि वर अर्धा." मग तिनेच `Ctrl+1` दाबून `Number` निवडलं आणि 4417.50 समोर आले.